सातव्या ओळीतले पंचवीस

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी माझं डोकं सकाळपासून तापलेलं असतं, हे आमच्या कॉलेजात अटेंडरपासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मला कुणी कॉफीलासुद्धा विचारत नाही. बावीस वर्षं मी म्हैसुरात डिग्रीच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवतेय, आणि बावीस वर्षं मुलं प्रोग्राम पाठ करतायत. पाठ! अर्धविराम, कंस, सगळं श्लोकासारखं घोकायचं. मधली एक ओळ विसरली की पुढचं सगळं गेलं. अरे, जरा विचार करून लिहा की रे, म्हणून मी घसा फोडते, आणि ती माझ्याकडे अशी बघतात की जणू मी त्यांना चामुंडी टेकडी उलट्या पायांनी चढायला सांगितलंय.

आमचं घराणं जुन्या म्हैसूरच्या फौजेतल्या मराठ्यांचं. फौज गेली, घोडे गेले, घरात मराठीसुद्धा निम्मी कन्नडात विरघळली, पण आवाज तेवढा राहिला. माझा आवाज लॅबमध्ये चढला की खालच्या मजल्यावरची कॉमर्सची पोरं गप्प होतात. मला याचा थोडा अभिमानच होता, खोटं कशाला बोलू.

तर लॅबच्या यादीत एकंदर बारा प्रोग्राम. त्यातला नववा त्रिकोणाचा. द्विपद सहगुणकांचा त्रिकोण असं त्याचं भारदस्त नाव, पण आम्ही नुसता त्रिकोण म्हणतो. करायचं एवढंच की पहिल्या ओळीत एकच आकडा, एक. दुसऱ्या ओळीत दोन आकडे, दोन्ही एक. तिसरीपासून दोन्ही टोकांना एक, आणि मधला प्रत्येक आकडा म्हणजे मागच्या ओळीतल्या, त्याच्या डोक्यावरच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज. म्हणून तिसरी ओळ एक, दोन, एक. चौथी एक, तीन, तीन, एक. पाचवी एक, चार, सहा, चार, एक. मागची ओळ हाताशी ठेवायची, तिच्यावरून नवी ओळ बांधायची, ती छापायची, आणि मग तीच नवी ओळ पुढच्या फेरीसाठी मागची. गुणाकार नाही, भागाकार नाही. दुसरीतल्या पोराला जमेल अशी बेरीज.

एवढं सोपं, आणि तरी दरवर्षी माझ्या डोक्याला ताप! कुणी एकच ओळ घेतं आणि तिच्यावरच डावीकडून बेरीज करत सुटतं. मग होतं काय, मागचा आकडा वापरायच्या आधीच त्याच्यावर नवा बसतो, आणि तिसरी ओळ येते एक, दोन, दोन, चौथी येते एक, तीन, पाच, पाच. मग ते पोर त्या पाच-पाचकडे प्रेमाने बघत बसतं. ‘अगं, त्रिकोण दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा ना? तुझा एका बाजूला कलंडलाय!’ ‘हो मॅम.’ ‘मग?’ ‘मॅम, मॅन्युअलमध्ये बघू का?’ बघ, बाई. मॅन्युअलमध्येच बघ.

हे मॅन्युअल म्हणजे आमच्या लॅबचा धर्मग्रंथ. बारा प्रोग्राम, प्रत्येकाखाली त्याचं आउटपुट, पातळ निळ्या पुठ्ठ्यात. बारा वर्षांपूर्वी ते मी केलं. पहिल्यांदा पडद्याचे फोटोच छापायचे ठरवलं होतं, पण त्या सी भाषेच्या काळ्या पडद्याचं झेरॉक्स काढलं की पान नुसतं काजळ फासल्यासारखं दिसायचं. शेवटी मी सगळी आउटपुटं संगणकावर बसून हाताने टाइप केली. त्रिकोणाच्या आठ ओळी, आकड्यांमध्ये जागा सोडून सोडून, नीट मधोमध. चांगला देखणा झाला होता. तेव्हापासून तेच मॅन्युअल झेरॉक्सचं झेरॉक्स होत होत पुढच्या बॅचकडे जात राहिलं.

मुलं ते बघून रेकॉर्ड लिहितात. आमच्याकडे रेकॉर्डची वही असते, उजव्या पानावर पेनाने प्रोग्राम, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आउटपुट. खरं म्हणजे मशीनवर जे आलं ते डाव्या पानावर उतरवायचं. पण कोण उतरवतो? प्रोग्राम चालो न चालो, डाव्या पानावर मॅन्युअलमधलं आउटपुट जसंच्या तसं. मला ते माहीत होतं. एका आठवड्यात साठ-साठ वह्या टेबलावर पडायच्या, मी लाल पेन घेऊन पानं उलटत सही, सही, सही ठोकायचे. त्यात वाचायचं काय? सगळ्या वह्या सारख्याच तर असायच्या.

आणि परीक्षेत प्रोग्राम चालवताना ‘किती ओळी?’ असं मशीनने विचारलं की यच्चयावत मुलं पाच टाइप करायची. पाच ओळी झटकन येतात, आकडे एक अंकी राहतात, त्रिकोण वाकडा होत नाही. मॅन्युअलमध्ये आठ ओळी आहेत, तुम्ही पाचच का काढता, असं मी कधीतरी विचारलं असेन. नंतर तेही सोडून दिलं. पाच तर पाच. आटपा आणि उठा.

आता त्या मुलीचं सांगते. ती जुनी स्कीमवाली. तिच्यानंतरच्या मुलांना विद्यापीठाने नवा अभ्यासक्रम लावला, सी गेली आणि पायथन आली, पण आधीच्या बॅचमधल्या नापास मुलांसाठी वर्षातून एकदा जुन्या स्कीमची परीक्षा घ्यायची. त्या वर्षी ती शेवटचीच होती. त्यानंतर जुनी स्कीम बंद. जो राहिला तो राहिला, डिग्री अर्धवट.

मुलगी दोनदा बसून नापास झालेली. बाकी सगळे पेपर तिचे पास होते, तेही बरे. अडकलं होतं ते हे एकच प्रॅक्टिकल. बेट्टदपुरकडच्या एका शाळेत तिच्यासाठी कम्प्युटर टीचरची जागा राखून ठेवली होती. रिझल्टपर्यंत थांबतो, मार्क्स कार्ड आणा आणि हजर व्हा, असं हेडमास्तरांनी सांगितलं होतं. हे मला तिच्या आईने सांगितलं. मंडईत भाजी घेताना गाठलं मला. ती माणसं रंगाऱ्यांची, आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरची. पूर्वी कापड रंगवायचे, छापायचे, आता वडील शिवणकाम करतात. मला मराठीत बोलताना ऐकून ती बाई जवळ आली. ‘मॅडम, स्वल्प तिच्याकडे बघा की. घरी दिवसभर तेच लिहीत असते. तो त्रिकोण. वह्या भरल्यात. आता वेड लागेल तिला.’

मी म्हटलं, ‘अहो, दिवसभर त्रिकोण लिहून काय होणार? बारा प्रोग्राम आहेत. दुसरा एखादा आला तर?’ आणि खरंच, दुसऱ्या वेळी तिला मॅट्रिक्सचा आला होता, आणि ती कोरा कागद देऊन उठली होती. मी भेंडी निवडता निवडता त्या माउलीला अभ्यास कसा करावा यावर भाषण दिलं. ती मुकाट्याने ऐकून घेऊन गेली.

परीक्षेच्या दिवशी आठ मुलं होती, सगळी जुनी स्कीमवाली, सगळ्यांचे चेहरे सुतकी. बाहेरचे परीक्षक आले होते पिरियापट्टण तालुक्यातल्या एका कॉलेजमधून. बाहेरचे परीक्षक कसे असावेत याची आमची एक कल्पना असते. कॉफी घ्यावी, सह्या कराव्यात, चारच्या बसला जावं. हे गृहस्थ तसले नव्हते. रिटायर व्हायला आलेले, हळू चालणारे, हळू बोलणारे, आणि हातात स्वतःची टोक केलेली पेन्सिल. प्रत्येक पोराच्या कागदावरची प्रत्येक ओळ पेन्सिलीचं टोक ठेवून वाचत होते. पहिल्या मुलाला अर्धा तास! अय्यो देवा. माझा जीव खालीवर व्हायला लागला. आज जेवण नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

मुलीने डब्यातून प्रोग्रामची चिठ्ठी काढली. नऊ नंबर. त्रिकोण. मी मनात म्हटलं, चला, सुटली एकदाची. दोन वर्षं जे घोकतेय तेच आलं. तिच्या चेहऱ्यावर मात्र ना आनंद ना काही. जागेवर बसली, कागदावर न थांबता प्रोग्राम लिहिला, मशीनवर टाइप केला, आणि हात वर केला. वीस मिनिटंही लागली नसतील.

आम्ही दोघं तिच्यामागे जाऊन उभे राहिलो. मशीनने विचारलं, किती ओळी? तिने टाइप केलं, आठ. मला पहिल्यांदा तिथेच चीड आली. पाच टाक ना गं! नको तो शहाणपणा कशाला? पण आठ ओळी सुरेख मधोमध उमटल्या. मी मॅन्युअल उघडून पडद्याशेजारी धरलं. तंतोतंत. जागांसकट. मी पेन काढलं.

परीक्षक म्हणाले, ‘थांबा, मॅडम. प्रोग्राम वाचू दे.’

वाचा. मी हात बांधून उभी राहिले. त्यांची पेन्सिल ओळीओळीने खाली येत होती. मागच्या ओळीचे आकडे ठेवायला एक अ‍ॅरे, नव्या ओळीसाठी दुसरा. टोकांना एक. मध्ये मागच्या ओळीतल्या दोन शेजाऱ्यांची बेरीज. ‘गुड,’ ते म्हणाले. ‘व्हेरी नीट.’ मग छापायची ओळ आली, आणि तिच्या अलीकडे पेन्सिल थांबली. थांबली ती हलेचना.

‘हे काय आहे?’

मी वाकून बघितलं. छापायच्या आधी तिने एक अट घातली होती. ओळ सहा आणि जागा चार असेल तर पंचवीस छाप, नाहीतर बेरीज करून आलेला आकडा छाप. सी भाषेत मोजणी शून्यापासून, म्हणजे माणसांच्या भाषेत सातव्या ओळीतला पाचवा आकडा. पंचवीस. हाताने लिहिलेला, थेट, कुठल्याही बेरजेशिवाय.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सगळा प्रोग्राम बरोबर, आणि मध्येच हे भूत! ‘अगं ए, काय हे? आकडा बेरजेने यायला हवा, तू सरळ लिहून मोकळी? त्रिकोण छापतेस की रांगोळी काढतेस?’ तिने मान खाली घातली. परीक्षक हळूच, पण गंभीर होऊन म्हणाले, ‘मॅडम, हे बरोबर नाही. आउटपुट जुळवण्यासाठी आकडा आत घातलाय. ही फसवणूक झाली. याला मार्क देणं सोडा, मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल.’

रिपोर्ट म्हणजे काय ते मला माहीत होतं, आणि तिलाही. मालप्रॅक्टिस. परीक्षा रद्द, आणि पुढची परीक्षाच नाही. तिचे हात कीबोर्डवरच होते. तेव्हा मला तिची दया यायला हवी होती, पण नाही आली, रागच आला. दोन वर्षं डोकं फोडून ही पोरगी शेवटच्या दिवशी असली माती खाते! ‘बोल ना! तोंड आहे ना? का घातलंस ते पंचवीस?’ शेजारच्या मशीनवरचा मुलगा दचकून टायपिंग थांबवून बसला.

परीक्षकांनीच तिच्याशेजारी खुर्ची ओढली आणि बसले. ‘ती अट काढ,’ ते कन्नडात म्हणाले. ‘काढ आणि परत चालव.’

तिने ती ओळ खोडली आणि परत चालवलं. आठ ओळी आल्या. सातवी ओळ एक, सहा, पंधरा, वीस, पंधरा, सहा, एक.

परीक्षक माझ्या हातातल्या मॅन्युअलकडे बघत होते. ‘जरा देता?’ म्हणाले. मी दिलं. पानावर पेन्सिल ठेवून त्यांनी सातवी ओळ मोठ्याने वाचली. ‘एक, सहा, पंधरा, वीस, पंचवीस, सहा, एक.’ मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, ‘असेल काहीतरी.’ शपथेवर सांगते, हेच म्हटलं. असेल काहीतरी. बेरजेत काय असणार आहे?

परीक्षकांनी मुलीला विचारलं, ‘ती अट तू छापताना का घातलीस? बेरीज करताना का नाही घातली?’

आता ती बोलली. अगदी हळू. ‘सर, पहिल्यांदा तिथेच घातली होती. पण मग पुढची ओळ बिघडली. वीस आणि पंचवीस पंचेचाळीस झाले, पंचवीस आणि सहा एकतीस. मॅन्युअलमध्ये आठव्या ओळीत तिथे पस्तीस आणि एकवीस आहे. म्हणून मग नुसतं छापताना घातली. आत पंधराच ठेवले.’

परीक्षकांनी मॅन्युअलमधली आठवी ओळ वाचली. एक, सात, एकवीस, पस्तीस, पस्तीस, एकवीस, सात, एक. बरोबर. सगळी बरोबर. ते थोडे हसले, पण चांगलं नाही हसले. ‘मॅडम, हा त्रिकोण मशीनने छापलेला नाही. मशीनची चूक सातव्या ओळीत झाली असती तर आठवीत उतरली असती, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर उभी असते. इथे चूक एका जागी बसलीय आणि खालच्या ओळीला तिचा पत्ताच नाही. कुणीतरी हाताने टाइप केलंय. पंधरा, वीस म्हटल्यावर बोटं पाचाच्या पाढ्याने पुढे गेली, पंचवीस. कुणाचं आहे हे मॅन्युअल?’

मुलीने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

‘माझं,’ मी म्हटलं.

बारा वर्षं. दर बॅचच्या साठ वह्या, प्रत्येक वहीच्या डाव्या पानावर पेन्सिलीने पंचवीस, आणि त्याच्याखाली माझी लाल सही. पाठ करू नका, विचार करा, म्हणून ओरडणारी मी! दोन बाजू सारख्या दिसायला हव्यात म्हणून पोरांना झापणारी मी! एका बाजूला पंधरा, दुसऱ्या बाजूला पंचवीस, आणि मला बारा वर्षांत एकदाही दिसलं नाही. लाज वाटली म्हणणं फार थोडं आहे.

परीक्षकांनी मुलीला विचारलं, ‘तुझ्या मते बरोबर काय? पंधरा की पंचवीस?’

‘पंधरा, सर.’ लगेच, न अडखळता.

‘मग हे सगळं कशाला केलंस?’

ती म्हणाली, ‘सर, उत्तर पंधराच आहे. पण पास व्हायला पंचवीस लागतात.’

ते माझ्याकडे वळले. मला काहीच कळेना. ती म्हणाली, ‘पहिल्या वेळी मी मॅन्युअलसारख्याच आठ ओळी काढल्या होत्या. पंधरा आले. आउटपुट मॅन्युअलशी जुळत नाही म्हणून मार्क कापले. दोन मार्कांनी गेले. मग मी वर्षभर चूक शोधत होते. सापडली नाही, म्हणून मग ती अट घातली.’

दोन वर्षांपूर्वीची मार्कांची शीट माझ्याच कपाटात होती. जाऊन काढावी लागली, कारण परीक्षकांनी मागितली. नऊ नंबरच्या प्रोग्रामसमोर, तिच्या नोंदणी क्रमांकापुढे, माझ्या अक्षरात लाल शाईने लिहिलं होतं, आउटपुट चुकीचं. आउटपुटच्या रकान्यात शून्य. खाली माझी सही. त्या वर्षीच्या बाहेरच्या परीक्षकांची सही बिचारी माझ्या सहीवर विसंबून केलेली. मला तो दिवस आठवतही नाही. चाळीस मुलं होती, मी मॅन्युअल हातात धरून एकेका पडद्याशी लावत चालले असेन. पडदा, पान, बरोबर. पडदा, पान, बरोबर. पडदा, पान, चूक. पुढची.

परीक्षकांनी मला काही म्हटलं नाही, हीच त्यांची सभ्यता. त्यांनी मुलीचा कागद घेतला, ती अट आडव्या रेघेने खोडली, शेजारी लिहिलं की दुरुस्तीनंतर प्रोग्राम स्वतंत्रपणे व अचूक चालला, आणि आउटपुटच्या रकान्यात पूर्ण मार्क दिले. मग रिपोर्टचा कागद माझ्यापुढे सरकवला. ‘रिपोर्टमध्ये मी मॅन्युअलबद्दल लिहितोय,’ म्हणाले. ‘तुम्ही लिहिता का, की मी लिहू?’ मी म्हटलं, ‘मी लिहिते.’ लिहिलं. आधीच्या वेळचा निकाल माझ्या चुकीने गेला, हेही लिहिलं. दोन वर्षांपूर्वीच्या त्या शून्याचं आता काही होत नसतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. यंदाचे मार्क मात्र पक्के होते. मुलगी पास झाली होती, शाळेची जागा तिला मिळणार होती, दोन वर्षं उशिरा.

बाकीच्यांचं आटपलं, मुलं निघून गेली. परीक्षक अखेर जेवायला गेले. ती मुलगी बाहेर व्हरांड्यात चपला घालत होती. मी मागोमाग गेले. जे मला येतं तेच केलं. चिडले. मराठीत चिडले, म्हणजे जास्तच चिडले. ‘अगं, तुला दिसत होतं ना, मॅन्युअल चुकलंय? मग मला सांगायचं नाही का? तेव्हाच सांगितलं असतंस तर दोन वर्षं गेली असती का तुझी? आईला वेड लागायची पाळी आली तुझ्या! एक शब्द बोलायचा होता. तोंड शिवलं होतं का?’

ती चपलेचा पट्टा लावत होती. वर न बघता म्हणाली, ‘सांगितलं होतं, मॅडम.’

‘कधी?’

‘तेव्हाच. परीक्षेत. मी म्हटलं, मॅडम, बेरीज करून बघा, पंधराच येतात, मॅन्युअलमध्ये चुकलंय वाटतं.’

‘मग? मी काय म्हटलं?’

सांगू की नको, असं झालं तिला. मग तिने माझ्याकडे बघून, अगदी मर्यादेने, माझंच वाक्य मला परत दिलं. ‘तुम्ही म्हणालात, मग मॅन्युअल मी काय पुडी बांधायला छापलंय का? बस खाली.’

हे माझंच वाक्य होतं. आमच्या कॉलेजात असं दुसरं कुणी बोलत नाही.

‘सगळी हसली,’ ती म्हणाली. ‘मग मी बसले.’

ती नमस्कार करून जिना उतरून गेली. मी व्हरांड्यात उभी होते. खालच्या मजल्यावर कॉमर्सचा वर्ग चालू होता. मघाशी माझा आवाज चढला होता ना, म्हणून तिथे सगळे अजून गप्पच होते.